जुन्या फोनवर मराठीऐवजी रिकामे चौकोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशात शुक्रवारच्या बाजाराला आलेली माणसं जाता जाता आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात डोकावतात. त्यातल्या पुष्कळांची तक्रार एकच असते: "मेसेज येतो, पण नुसते डबे-डबे दिसतात." कधी फोनवाल्या काकू स्वतः येतात, तर कधी त्यांना मेसेज पाठवणारा भाचा येतो. दोघांनाही काउंटरवर जे सांगतो, तेच इथे लिहिलं आहे. पाठवणाऱ्याने जरा जास्त लक्ष देऊन वाचावं, कारण बहुतेक वेळा काम त्याच्याच हातून होतं.

चौकोन दिसतात म्हणजे मेसेज खराब झाला का?

नाही. मेसेज जसाच्या तसा पोचलेला असतो. फोनला मराठी अक्षर आकड्याच्या रूपात मिळतं आणि त्या आकड्याचं चित्र फोनच्या फॉन्टमध्ये शोधावं लागतं. हे आकडे ठरवणाऱ्या जागतिक पद्धतीला युनिकोड म्हणतात, आणि त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट आहे. जुन्या फोनच्या फॉन्टमध्ये हा अख्खा गटच नसतो. चित्र सापडलं नाही की फॉन्ट त्या जागी एक ठरलेली रिकामी चौकट काढतो. नोटो हे फॉन्टचं कुटुंब याच चौकोनांच्या वैतागातून आलं. त्यांना इंग्रजीत टोफू म्हणतात, आणि नोटो म्हणजे 'नो टोफू'.

चौकोन मोजून बघितले तर कळतं की ते अक्षरागणिक नसतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याचं चिन्ह यांना सहसा वेगळा चौकोन मिळतो. 'काकू' ही दोन अक्षरं, पण चौकोन चार. मोकळी जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम मात्र धड दिसतात. इंग्रजी आकडेही दिसतात. मराठी आकडे दिसत नाहीत, आणि इथेच मोठा घोटाळा होतो. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

माझ्या फोनवर चौकोन नाहीत, प्रश्नचिन्हं येतात. तेच ना?

नाही, आणि हा फरक कामाचा आहे.

`?????` अशी रांग दिसली तर मजकूर वाटेतच गेलेला असतो. मधल्या कुठल्यातरी यंत्रणेने किंवा त्या फोननेच ओळखू न आलेल्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं घातली. आता तो मेसेज कुठल्याही फोनवर नेला तरी प्रश्नचिन्हंच राहणार. पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवण्याला पर्याय नाही.

`à¤®` असली विचित्र इंग्रजी-फ्रेंच दिसणारी अक्षरं आली तर मजकूर आहे, पण वाचणाऱ्या प्रोग्रामने चुकीच्या पद्धतीने उलगडला. हे तीन तुकडे मिळून एक 'म' होतो. जुन्या ईमेलमध्ये हे जास्त दिसतं, एसेमेसमध्ये सहसा नाही.

अक्षरं दिसतात, पण वेलांटी भलत्याच बाजूला, जोडाक्षरं सुटलेली आणि मधेच ठिपक्यांचं वर्तुळ? मग फॉन्ट आहे, पण अक्षरं जुळवणारा भाग नाही. वाचायला त्रास होतो, तरी अंदाज बांधून वाचता येतं. अँड्रॉइडमध्ये देवनागरी नीट जुळवून दाखवण्याची सोय ४.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ च्या अखेरीपासून आली. त्याआधीच्या काही फोनांत कंपन्यांनी आपापली सोय केली होती, बाकीच्यांत चौकोन.

चौकोनांचा मेसेज आला आहे. आत्ता, लगेच वाचायचा कसा?

तो मेसेज घरातल्या किंवा शेजारच्या नव्या फोनवर फॉरवर्ड करा. अक्षरांचे ते आतले आकडे शाबूत असतील तर तिकडे मराठी नीट उमटेल. मूळ मजकूर शाबूत आहे की नाही याची परीक्षाही हीच. फॉरवर्ड केल्यावर तिकडेही प्रश्नचिन्हं आली, तर तुमचा फोन युनिकोड पुढे पाठवू शकत नाही. मग पाठवणाऱ्याला फोन लावा.

एकच सांगणं: चौकोन दिसतात म्हणून मेसेज पुसून टाकू नका.

मी पाठवणारा आहे. समोरच्याला चौकोन दिसतात हे मला कळणार कसं?

बहुतेकदा कळतच नाही. तुमच्या फोनवर मेसेज सुंदर दिसतो, "पोचला" अशी खूणही येते. समोरची व्यक्ती भिडेखातर "ok" पाठवते, आणि तुम्हाला वाटतं काम झालं. "ok" हा चौकोनांनाही देता येतो.

संशय घ्यायच्या जागा अशा: बटणांचा जुना फोन, त्यावरून येणारं प्रत्येक उत्तर रोमन लिपीत, विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर, किंवा मेसेज गेल्यावर लगेच आलेला मिस्ड कॉल. आमच्याकडे मिस्ड कॉलचा सरळ अर्थ "काय लिहिलंस ते सांग" असाच असतो.

आणि संशय आला की लोक हमखास काय करतात? "तुमच्या फोनवर मराठी दिसत नाही का?" असं मराठीतच विचारतात. समोर आणखी एक चौकोनांची रांग जाते. विचारायचं तर रोमनमध्ये विचारा.

मग उत्तर नेमकं कसं लिहायचं? एखादं उदाहरण द्याल का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातलं घेऊ. वडील गावी, मुलगा पुण्यात नोकरीला. वडिलांची सोबत करणाऱ्या शेजारच्या काकूंकडे बटणांचा फोन. बाबांना बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत, न्यायचं होतं. मुलाने पाठवलं:

"काकू, उद्या सकाळी ९ वाजता बाबांना गोमेकॉत न्यायचंय. जुने रिपोर्ट बरोबर ठेवा, सकाळी काही खाऊ देऊ नका."

काकूंच्या पडद्यावर मेसेजची सुरुवात अशी दिसली:

```
□□□□, □□□□□ □□□□□ □ □□□□□
```

यातला एकटा पडलेला चौकोन म्हणजे ९. वेळ निदान दिसायला हवी होती, तीही गेली, कारण आकडा मराठी होता. इंग्रजी 9 असता तर काकूंना एवढं तरी कळलं असतं की काहीतरी नऊ वाजता आहे, आणि त्यांनी फोन केला असता.

दुसरी गोष्ट पडद्यावर दिसतच नाही. साध्या इंग्रजी अक्षरांचा एक एसेमेस १६० अक्षरांचा असतो. त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते, आणि काना-मात्रा वेगवेगळ्या मोजल्या जातात. वरचा मेसेज मोकळ्या जागांसकट बरोबर १०० भरतो. त्याचे दोन तुकडे होतात. तुकडे पडले की जोडणीच्या खुणेसाठी थोडी जागा जाते आणि प्रत्येकात ६७ च मावतात. जुन्या फोनवर हे तुकडे कधी उलटसुलट येतात, कधी दुसरा मागाहून येतो. "खाऊ देऊ नका" ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नेमकी दुसऱ्या तुकड्यात गेली होती. म्हणजे काकूंच्या फोनला मराठी दिसलं असतं तरी मेसेज धोक्याचाच होता.

मुलाने आमच्या सांगण्यावरून पुन्हा लिहिलं ते असं:

```
Kaku, udya 14 tarikh, sakali 9 la GMC Bambolim.
Juni file gheun ya.
Sakali kahi khayche NAHI. Pani chalel.
Kalale tar vel lihun pathva.
```

हा १३५ अक्षरांचा आहे, एका एसेमेसमध्ये मावतो. आकडे इंग्रजी. "उद्या"च्या जोडीला तारीख, कारण मेसेज रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी वाचला तर "उद्या"चा अर्थ बदलतो. एका ओळीत एकच गोष्ट. पाणी चालेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, जागा होती म्हणून तेही घातलं.

शेवटची ओळ मुद्दाम आहे. काकूंकडून "9" आलं तर त्यांनी वाचलं आणि समजलं, दोन्ही कळतं. "ok" आलं तर फोन करायचा.

"जुने रिपोर्ट"चं "juni file" का केलं?

कारण पहिल्या खेपेला त्याने `June report gheun ya` लिहिलं होतं, आणि ते वाचून आमच्याच दुकानातल्या पोराने विचारलं, "जून महिन्याचे रिपोर्ट?"

रोमनमध्ये मराठी लिहिताना गोंधळ होतो तो असाच. ण-न, ळ-ल, ट-त, आणि काना आहे की नाही, हे सगळं रोमनमध्ये पुसलं जातं. एरवी संदर्भाने भागतं. पण काही जागी भागत नाही.

`sat` म्हणजे सात की साठ? म्हणून आकडा नेहमी आकड्यातच. `goli gheu naka` हे घाईत `gheu na ka` असं फुटलं तर नकार जाऊन प्रश्न होतो. औषधाच्या बाबतीत "नका" टाळावं आणि `ghyaychi NAHI` असं मोठ्या अक्षरांत वेगळं लिहावं. `kal` लिहिलं तर मराठी माणूस "काल" वाचतो, पण हिंदी बोलून बोलून तो "उद्या"ही वाचू शकतो. वाराचं नाव आणि तारीख लिहिली की हा प्रश्नच उरत नाही.

आपल्याकडची खास गंमत गावांच्या नावांची. `sakali Sakhali la ya` यातला कुठला शब्द सकाळ आणि कुठला साखळी, हे घाईत वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? गोव्यात यावर तयार उपाय आहे: गावाचं नाव बसच्या पाटीवर रोमनमध्ये जसं असतं तसंच लिहा. `Sanquelim`, `Bicholim`, `Pernem`, `Quepem`. डोळ्यांना ती पाटी पाठ असते. `Dicholi` चूक नाही, पण `Bicholim` एका नजरेत कळतं.

फार काटेकोर लिप्यंतर करू नका. `aa`, `ee`, `L` वापरून शुद्ध लिहिण्याचा हट्ट केला तर वाचणारा आणखी अडखळतो. अर्थ फिरू शकेल तिथे शब्दच बदला.

रोमनमध्ये लिहूनही मेसेजचे दोन तुकडे झाले. का?

कुठेतरी एक परकं अक्षर घुसलं असेल. शेवटी हात जोडलेली इमोजी, ₹ चं चिन्ह, कीबोर्डने आपोआप घातलेलं वाकडं अवतरणचिन्ह, यातलं एक जरी असलं तरी अख्खा मेसेज ७० च्या मर्यादेत जातो. लिहिताना कोपऱ्यात उरलेल्या अक्षरांचा आकडा येत असेल तर त्यावर नजर ठेवा. तो एकदम धपकन खाली आला की शेवटचं टाइप केलेलं चिन्ह पुसा. ₹ ऐवजी `Rs` लिहा. प्रत्येक तुकडा वेगळा एसेमेस म्हणून मोजला जातो, तेव्हा पैशांचाही प्रश्न आहेच.

त्यांना रोमन वाचताच येत नाही. तेव्हा?

मराठी शाळेत शिकलेल्या आणि पुढे इंग्रजीशी फारसा संबंध न आलेल्या वडीलधाऱ्यांचं असं असतं. तेव्हा मेसेजचा अट्टहास सोडा आणि फोन करा. वेळ आणि तारीख त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि परत वाचून दाखवायला सांगा. फोन लागत नसेल तर ज्याला मराठी दिसतं अशा शेजाऱ्याला देवनागरीत पाठवा आणि पहिल्याच ओळीत निरोप कुणासाठी आहे ते लिहा.

शेजारी ख्रिस्ती असेल तर तो कोकणी रोमी लिपीत पिढ्यान्‌पिढ्या वाचत आला आहे, त्याला रोमन मजकूर जड जात नाही. पण रोमी कोकणीची लिहिण्याची रीत वेगळी आहे, तिथे 'श'साठी `x` येतो. आपलं रोमन मराठी त्याला आपल्यासारखंच झरझर वाचता येईल असं धरू नका. वाक्यं लहान ठेवा.

मराठीत लिहून त्याचा फोटो पाठवला तर?

जुना स्मार्टफोन असेल तर उत्तम. चित्राला फॉन्ट लागत नाही. साधा एसेमेस मात्र फोटो नेत नाही, त्यामुळे बटणांच्या फोनला याचा सहसा उपयोग नाही.

अडचण आकाराची. तुमच्या पडद्याची रुंदी १०८० ठिपके आणि त्यावर एका ओळीत तीसेक अक्षरं. तोच स्क्रीनशॉट २४० ठिपक्यांच्या जुन्या पडद्यावर गेला की एका अक्षराच्या वाट्याला आठच ठिपके येतात. त्यात अनुस्वार दिसत नाही आणि रफार तर नाहीच. एका ओळीत दहा-बारा अक्षरंच ठेवली तर वीस-एक ठिपके मिळतात आणि वाचता येतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे जाड पेनाने कोऱ्या कागदावर चार ओळी लिहा, कागद उजेडात धरा, आडवा-उभा नीट बघून फोटो काढा. फोन नंबर मात्र फोटोत ठेवू नका, तो वेगळ्या मेसेजमध्ये पाठवा. फोटोतल्या नंबरावर बोट ठेवून फोन लावता येत नाही.

फोनमध्ये मराठी फॉन्ट टाकून मिळेल का?

बटणांच्या फोनमध्ये नाही. जुन्या अँड्रॉइडमध्ये फोन रूट करून, म्हणजे कंपनीने घातलेलं कुलूप काढून, फॉन्टची फाइल बदलता येते, पण आम्ही ते करून देत नाही. रूट करताना फोन कायमचा बंद पडू शकतो. शिवाय ४.० च्या आधीच्या आवृत्तीत फॉन्ट घालूनही जोडाक्षरं जुळत नाहीत, म्हणजे चौकोन जाऊन सुटी सुटी अक्षरं येतात. एवढ्यासाठी फोन धोक्यात घालायला नको.

आधी एक गोष्ट मात्र तपासा. सेटिंगमध्ये भाषांची यादी उघडा. तिथे हिंदीचं नाव देवनागरीत दिसत असेल तर फॉन्ट आहे, आणि अडचण दुसरीकडे आहे. भाषा बदलून बघण्याआधी मेनूतली ती जागा कितव्या नंबरवर आहे ते लक्षात ठेवा, नाहीतर परत येताना पंचाईत होते.

मेसेज ठीक आहे, पण वेबसाइटवर चौकोन येतात.

फोनवर ऑपेरा मिनी अजून चालत असेल तर एक जुनी युक्ती आहे. पत्त्याच्या जागी हे टाइप करा:

```
opera:config
```

जी यादी उघडेल तिच्यात खाली `Use bitmap fonts for complex scripts` असं असेल. तिथे `Yes` निवडा आणि `Save` करा. मग ऑपेराचा सर्व्हर मराठी मजकुराचं चित्र बनवून पाठवतो, आणि फोनला फॉन्ट नसला तरी वाचता येतं. डेटा थोडा जास्त जातो. ही सोय त्या ब्राउझरपुरतीच, एसेमेसमधले चौकोन तसेच राहतात.

बाकी सगळं मराठी दिसतं, मधेच एखादा चौकोन येतो. हे काय?

फॉन्ट आहे, पण जुना आहे. काही चिन्हं युनिकोडमध्ये उशिरा आली. 'ॲम्ब्युलन्स'मधला ॲ २००८ साली आला, ₹ चं चिन्ह २०१० साली. त्याआधी बनलेल्या फॉन्टमध्ये ती असणार नाहीत. ॲ ऐवजी ऍ लिहिलं तर बहुतेक फोनांवर दिसतं. दिसायला वेगळं आहे, पण वाचता येतं. रुपयाला 'रु.' आहेच.

'दुसऱ्या', 'पुढाऱ्या' अशा शब्दांत चौकोन आला तर कारण वेगळं. हा अर्धा र काही कीबोर्ड एक न दिसणारं जोडचिन्ह घालून लिहितात, आणि जुना फोन ते न दिसणारं चिन्हच चौकोन करून दाखवतो. वाचताना तो चौकोन नाही असं समजा.

आणि चौकोन फक्त वाक्याच्या शेवटी येत असेल तर ती बहुधा नवी इमोजी असते. त्यात काही निरोप नाही, सोडून द्या.

कोकणी मेसेज आला तर?

देवनागरी कोकणीला तीच अक्षरं, तोच गट. मराठी दिसत नसेल तर कोकणीही दिसणार नाही. उलट हिंदी दिसणाऱ्या फोनवर दोन्ही दिसतात.

वडिलांसाठी स्वस्तातला बटणांचा फोन घ्यायचा आहे. मराठी दिसेल हे दुकानात कसं ओळखू?

भारतात विकायच्या फोनांसाठी आयएस १६३३३ (भाग ३) हे मानक आहे. त्याप्रमाणे आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांतले मेसेज फोनवर वाचता यायला हवेत. यात मराठी आणि कोकणी दोन्ही आल्या. मात्र हे वाचण्यापुरतं आहे, मराठीत टाइप करता येईलच असं नाही. सेकंडहँड किंवा पडून राहिलेला जुना माल घेत असाल तर या मानकाच्या भरवशावर राहू नका.

दुकानातच तुमचं सिम त्या फोनमध्ये घाला आणि सोबतच्या माणसाच्या फोनवरून त्यावर हा एसेमेस पाठवायला सांगा:

```
दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्सचे ₹९०० आणि शाळेची फी
```

अर्धा र, ॲ, रुपयाचं चिन्ह, मराठी आकडा, ळ आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या, सगळं यात आहे. ₹ किंवा ॲ च्या जागी चौकोन आला तरी चालवून घ्या. 'शाळेची फी' नीट उमटली नाही तर मात्र दुसरा फोन दाखवायला सांगा.